तुटलेली तार गप्प बसत नाही

तुटलेली तार गप्प बसली असती, तर लगेच सापडली असती. पण ती उत्तर देत राहते, आणि ते उत्तर खरे वाटण्यासारखे असते. म्हणून ती सापडत नाही.

वाशिममधल्या एका वसतिगृहातली ही गोष्ट. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा, मानोरा तालुक्यातल्या खेड्यातून आलेला एक मुलगा. प्रोजेक्टचा विषय त्याने घरावरूनच घेतला होता. घरी विहीर, विहिरीवर मोटर, खरिपात सोयाबीन आणि तूर, विहिरीत पाणी उरले तर रब्बीला हरभरा. शेतीची थ्री फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की वडील बॅटरी घेऊन शेतात जातात. मातीने स्वतः सांगावे की तहान लागली आहे, आणि पाणी पुरे झाले की मोटरने स्वतः थांबावे, एवढेच त्याला हवे होते.

टेबलावर त्या शेताचे रूप लहान होते. एक आर्डुइनो उनो बोर्ड, मातीत खोचायचा दोन दातांचा ओलावा मोजणारा सेन्सर, त्याची बोटभर पट्टी, एक रिले, पाच व्होल्टचा छोटा पंप आणि मातीने भरलेली कुंडी. सेन्सरच्या पट्टीपासून बोर्डापर्यंत तीन जंपर: एक पाच व्होल्टचा, एक ग्राउंडचा, एक सिग्नलचा.

प्रोग्रामचा गाभा असा होता:

```
int ol = analogRead(A0);
Serial.println(ol);
if (ol > 700) {
  digitalWrite(7, LOW);
} else {
  digitalWrite(7, HIGH);
}
```

बोर्ड शून्य ते पाच व्होल्टचा दाब ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो. या सेन्सरभोवतीची माती कोरडी असली की आकडा मोठा येतो, ओली असली की लहान. ७०० च्या वर गेला की पंप चालू करायचा. त्याचा रिले `LOW` दिल्यावर चालू होणारा होता, म्हणून चालू करण्याच्या ओळीत `LOW` आहे. प्रोग्राम बरोबर होता.

कुंडीत पाणी ओतले, मातीचा चिखल झाला. सिरियल मॉनिटरवर आकडा आला १०२३. पंप थांबेना. मध्येच कधी ३४० यायचे, पंप थांबायचा, आणि पुन्हा १०२३.

॰ ॰ ॰

माणूस दोष तिथे शोधतो, जिथे त्याला दुरुस्ती येते.

या मुलाला प्रोग्राम येत होता. म्हणून त्याने प्रोग्राम उघडला. आधी ७०० चे ८०० केले, मग ९००. आकडा १०२३ असताना मर्यादा ९०० ठेवली काय आणि ७०० ठेवली काय, निकाल तोच. मग त्याने दहा वाचनांची सरासरी घेतली. सरासरीने उड्या गेल्या. १०२३ आणि ३४० यांच्या मधले आकडे येऊ लागले आणि ते शांतपणे सरकू लागले. पडद्यावर सुधारणा झाल्यासारखी दिसली. खरे तर त्या उड्या हाच एकमेव पुरावा होता. चिखल एका क्षणात वाळून पुढच्या क्षणी पुन्हा ओला होत नाही, हे त्या उड्या ओरडून सांगत होत्या. सरासरीने त्यांचे तोंड बंद केले.

कारण कळण्याआधी गोंगाट पुसू नये. गोंगाटातच पत्ता असतो.

शेवटी त्याने `>` चे `<` केले. पंप थांबला. ओली माती, बंद पंप. सगळे हवे तसे. फाईल नव्या नावाने जतन करून तो झोपला.

या एका चिन्हाने काय झाले, ते नीट पाहण्यासारखे आहे. तार सुटलेली होती, म्हणून आकडा खोटा होता. आता अटही उलटी झाली. खोट्या आकड्याला उलटी अट लावली की उत्तर बरोबर येते. सकाळी टेबल हलले, तार चिकटली, आकडा खरा आला, ३४०. आणि उलट्या अटीने ओल्या मातीत पंप सुरू केला. रात्री एक दोष होता. सकाळी दोन झाले. त्यातला एक त्याने स्वतः घडवला होता, तोही बरोबर असलेली ओळ बिघडवून.

लूज कॉन्टॅक्टचा खरा घातकपणा इथे आहे. पूर्ण तुटलेली तार प्रत्येक प्रयत्नाला नापास करते, त्यामुळे चुकीचा उपायही नापास होतो आणि आपण पुढे सरकतो. अर्धवट तुटलेली तार चुकीच्या उपायालाही अधूनमधून पास करते. हात लागला, टेबल हलले, पंखा वाढवला, आणि नेमक्या त्याच वेळी आपण एक ओळ बदललेली असते. श्रेय ओळीला जाते.

ज्या दुरुस्तीचे कारण सांगता येत नाही, ती दुरुस्ती मानू नये. ओळ परत जुनी करून पाहावी. दोष परत आला तरच त्या ओळीचा त्याच्याशी काही संबंध असण्याची शक्यता आहे. आला नाही, तर ओळ निर्दोष आहे.

॰ ॰ ॰

खोलीतला दुसरा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडचा. त्याला प्रोग्राम वाचता येत नव्हता. म्हणून तो टेबलाकडे पाहत होता.

"हा लाईट काहून बंद हाय बे?" त्याने विचारले.

सेन्सरच्या पट्टीवर एक बारीक लाल दिवा असतो. पट्टीला वीज मिळाली की तो लागतो. तो विझलेला होता. बोर्डावरचा दिवा लागलेला, रिलेवरचा लागलेला, लॅपटॉपचा लागलेला. जळणारे दिवे डोळ्यांत भरतात. विझलेल्याकडे पाहायला आधी माहीत असावे लागते की इथे दिवा आहे.

"तो तसाच राहते. रीडिंग तर येऊन राहिलं ना."

"तसाच नाही राहत. याले करंट भेटून नाही राहिला."

"करंट नाही तर रीडिंग कुठून येते मंग?"

हा प्रश्न योग्य होता, आणि सगळी गोष्ट याच प्रश्नात आहे. वीज नसलेला सेन्सर आकडा कसा देतो?

॰ ॰ ॰

पट्टीच्या आत मांडणी साधी आहे. सिग्नलची पिन दहा किलोओहमच्या एका रोधामार्फत पाच व्होल्टला बांधलेली असते, आणि मातीतल्या दोन दातांमार्फत ग्राउंडला. वरून रोध खेचतो, खालून माती खेचते. माती ओली असली की तिच्यातून वीज सहज वाहते, ती पिनेला खाली ओढते आणि आकडा लहान होतो. माती कोरडी असली की तिची ओढ कमी पडते आणि आकडा वर जातो.

आता तीन तारांपैकी एक सुटली असे समजू या.

ग्राउंडची सुटली तर खालची ओढच गेली. माती कितीही ओली असो, ती पिनेला खाली ओढणार कुठे? पिन वर पाच व्होल्टला जाऊन चिकटते. आकडा येतो १०२३. बोर्ड वाचतो: माती ठणठणीत कोरडी.

पाच व्होल्टची सुटली तर वरची ओढ गेली. पिन खाली बसते, आकडा शून्याजवळ येतो. बोर्ड वाचतो: माती चिंब ओली.

सिग्नलची सुटली तर बोर्डाची पिन कुणाचीच राहत नाही. ती हवेतले, शेजारच्या तारांतले, आपल्या हातातले विद्युत परिणाम उचलते. आकडा भटकतो, हात जवळ नेला की बदलतो. बोर्ड वाचतो: माती क्षणाक्षणाला बदलते आहे.

तीन तारा, तीन वेगळी असत्ये. आणि तिन्ही असत्ये ० ते १०२३ च्या आतच बसतात. बोर्डाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. त्याला आकडाच द्यावा लागतो, आणि ज्याला आकडाच द्यावा लागतो तो कधी ना कधी खोटा आकडा देतो.

शेतावर या असत्यांची किंमत वेगवेगळी आहे. पाच व्होल्टची तार सुटली तर पंप लागणार नाही, हरभरा सुकेल. पण शेतकरी रोज पीक पाहतो, त्याला दोन दिवसांत कळेल. ग्राउंडची तार सुटली तर पंप थांबणार नाही. रात्रीच्या पाळीत विहीर रिकामी होईल आणि मोटर कोरडी फिरून जळेल. जिथे रब्बी विहिरीच्या तळावर अवलंबून असते, तिथे या दोन चुका सारख्या नाहीत. कुंडीजवळ मात्र त्या सारख्याच दिसतात, कारण कुंडीतून फक्त फरशी ओली होते.

॰ ॰ ॰

शंका वाटून घ्यावी. सगळ्यावर एकदम संशय घेणारा काहीच शोधत नाही.

दोघांनी आधी जुना प्रोग्राम परत चढवला, `>` चा. मग सेन्सरची सिग्नलची तार बोर्डातून काढली आणि तिच्या जागी एक सुटी तार घेऊन बोर्डाला असे तीन प्रश्न विचारले, ज्यांची उत्तरे आधीच माहीत होती. `A0` ला ग्राउंड जोडले: उत्तर ० यायला हवे, आले. ३.३ व्होल्टची पिन जोडली: ३.३ भागिले ५ गुणिले १०२३, म्हणजे ६७५ च्या आसपास यायला हवे, आले. पाच व्होल्ट जोडले: १०२३ यायला हवे, आले. पंपही तिन्ही वेळा अटीप्रमाणेच वागला: ० ला थांबला, १०२३ ला लागला, आणि ६७५ हा ७०० च्या आत असल्याने थांबला.

या तीन आकड्यांनी अर्धी खोली रिकामी केली. बोर्ड खरे वाचतो, प्रोग्राम खरे वागतो. दोष तारेच्या पलीकडे आहे, किंवा तारेतच आहे. ज्याचे उत्तर माहीत आहे असा प्रश्न विचारणे, हा यंत्राची परीक्षा घेण्याचा एकमेव प्रामाणिक मार्ग आहे. मातीचा खरा ओलावा त्या मुलाला आकड्यात माहीत नव्हता. त्यामुळे मातीला विचारून बोर्ड तपासता येणार नव्हता.

मग मल्टिमीटर. काळे टोक बोर्डाच्या ग्राउंडला, लाल टोक सेन्सरच्या पट्टीवरच्या ग्राउंडच्या पायाला. तारेला नाही, पायाला. एकाच तारेची ही दोन टोके. दोघांत फरक शून्य असायला हवा. मीटरने पाचाच्या जवळचा आकडा दाखवला. ज्या पायावर 'ग्राउंड' लिहिले होते, तो जमिनीवर नव्हताच. जंपरचे टोक बोटाने हलवले, मीटर शून्यावर आला, लाल दिवा लागला, मॉनिटरवर ३४५ आले. बोट सोडले, दिवा विझला, १०२३.

दिवा, मीटर आणि आकडा: तिघांनी एकच साक्ष दिली. एक पुरावा योगायोग असू शकतो. हलवले की तिन्ही एकदम बदलतात, तेव्हा योगायोग संपतो.

॰ ॰ ॰

जंपरच्या टोकाला काळे प्लास्टिकचे घर असते. त्याच्या आत पत्र्याची बारीक डबी, आणि त्या डबीच्या शेपटाने तारेचे तंतू दाबून धरलेले. आपण तार ओढून काढतो, घर धरून काढत नाही. रोज थोडे थोडे. डबी मागे सरकते, किंवा दाबाच्या जागी तंतू एकेक करून तुटतात. वरचे रंगीत आवरण मात्र अखंड राहते. बाहेरून तार नवी दिसते.

मीटरच्या बीपने तपासावे, हे सगळे सांगतात. बीप सांगतो की या क्षणी जोड आहे. एक तंतू शिल्लक असला तरी बीप वाजतो. तार टेबलावर सरळ ठेवून घेतलेला बीप खोटा दिलासा देतो. वीज बंद करून, मीटर लावून, टोक हळूहळू वाकवत बीप ऐकावा. तो तुटक वाजला तर तार गेली. आणि सगळ्यात खात्रीचे म्हणजे वीज चालू असताना, तार आपल्या जागी असताना, तिच्या दोन टोकांमधला दाब पाहणे. तिथे तार खोटे बोलू शकत नाही.

इलेक्ट्रिशियन मुलाने तो जंपर काढला आणि पक्कडीने मधोमध कापून टाकला. हे शिकण्यासारखे आहे. खराब तार पुन्हा जुडीत ठेवली की ती उद्या दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये निघते, दुसऱ्याच रंगाच्या तारांमध्ये, आणि पुन्हा एक निर्दोष प्रोग्राम बदलला जातो. दोष शोधणे निम्मे काम आहे. दोष परत येणार नाही असे करणे उरलेले निम्मे.

॰ ॰ ॰

कुणी म्हणेल, ही विद्यार्थ्याची अडचण आहे. अनुभवी माणसाला असे होत नाही.

सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासोला प्रकाशापेक्षा साधारण ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात. त्यांनी गणित महिनोन्महिने तपासले होते, आणि इतरांनीही तपासावे अशी उघड विनंती केली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये कारण पुढे आले. जीपीएसची वेळ मुख्य घड्याळापर्यंत आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा जोड पूर्ण घट्ट बसलेला नव्हता. घड्याळातही एक दोष निघाला. त्याचा परिणाम उलट दिशेचा आणि लहान होता. जून २०१२ मध्ये न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाशी जुळतो हे जाहीर झाले.

तिथेही सैल जोड गप्प बसला नव्हता. त्याने एक आकडा दिला होता, सुबक आणि पुन्हा पुन्हा तोच येणारा. त्या माणसांची थोरवी अशी की त्यांनी सिद्धान्त मोडायच्या आधी जोड तपासत राहण्याचे सोडले नाही. दोन दोष उलट दिशांनी ओढत असतील तर एकाला दुसरा झाकतो. वसतिगृहातल्या उलट्या चिन्हाने हेच केले होते.

॰ ॰ ॰

तार कधी ना कधी सुटणार. म्हणून शून्याला आणि मौनाला वेगळे ठेवावे.

कारखान्यात दूरच्या सेन्सरचे माप तारेतून ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहाने पाठवतात. सर्वांत कमी मापालाही ४ मिलिअँपिअर वाहतात. टाकी रिकामी असेल तर ४. तार तुटली तर ०. रिकामी टाकी आणि तुटलेली तार यांची कधी गल्लत होत नाही, कारण शून्याची जागा मौनासाठी मोकळी ठेवलेली आहे.

कुंडीच्या प्रोजेक्टमध्ये एवढी सोय नव्हती, पण तीच कल्पना प्रोग्राममध्ये आणता आली. जुन्या अटीच्या आधी एक नवी अट आली:

```
if (ol > 1015 || ol < 10) {
  digitalWrite(7, HIGH);
  Serial.println("TAAR TAPASA");
  return;
}
```

दातांना माती लागलेली असेल तर थोडीफार वीज वाहतेच. त्यामुळे शेतातल्या जमिनीत १०१५ च्या वरचा किंवा १० च्या खालचा आकडा सहसा येत नाही. तो आला तर तारेवर संशय घ्यायचा, पंप बंद ठेवायचा. याला मर्यादा आहेत. सेन्सर मातीबाहेर हवेत राहिला तरीही हीच सूचना येईल, आणि फार भेगाळलेल्या जमिनीत दात मोकळे पडले तरीही. सिग्नलची तार सुटली तर मधले आकडे येतात, ते या अटीत सापडत नाहीत. त्यासाठी दुसरी कसोटी: दोन सेकंदांपूर्वीच्या आकड्यापेक्षा नवा आकडा शंभराहून जास्त फरकाचा असेल तर तो मानू नये. माती दोन सेकंदांत वाळत नाही. आणि या सगळ्याच्या वर पंपाला वेळेची मर्यादा. आकडा काहीही म्हणो, ठरलेल्या मिनिटांनंतर पंप थांबलाच पाहिजे.

शेवटचा उपाय प्रोग्राममध्ये नाही. ब्रेडबोर्ड आणि जंपर ही विचार करून पाहण्याची जागा आहे, कामाला लावण्याची नाही. शेतात पावसाची ओल, उंदीर, मोटरचा हादरा. तिथे जोड डागाचा हवा, तार स्क्रूखाली आवळलेली हवी, आणि खेच जोडावर येणार नाही अशी आधी एकदा बांधलेली हवी. प्रोग्रामने सैल तार ओळखता येते, आवळता येत नाही.

॰ ॰ ॰

विचारावर संशय घेणे मोठेपणाचे वाटते. जोडावर संशय घेणे किरकोळ वाटते. म्हणून आपण दिवस प्रोग्रामला देतो आणि तारेला मिनिटही देत नाही.

ज्यांच्या हातात आज असा बोर्ड आहे त्यांना एवढेच सांगणे. चालत असलेला प्रोग्राम जपून ठेवा आणि त्याला हात लावण्याआधी बोर्डाला माहीत असलेल्या उत्तरांचे तीन प्रश्न विचारा. विझलेला दिवा शोधा. तार पायाशी मोजा, आणि हलवून मोजा. यातले सगळे करायला पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांनंतरही दोष राहिला, तर तो तुमच्या प्रोग्राममध्ये असू शकतो. मग तो निर्धास्तपणे उघडा.